रविवारचं मटण आणि ओल्या कचऱ्याचा डबा

डोंबिवलीत चौघांचं घर धरू. रविवारी अर्धा किलो मटण येतं, म्हणजे वर्षाला २६ किलो. त्यातली हाडं आणि चरबी एक तृतीयांश धरून वगळली, तर निव्वळ मांस सतरा किलो उरतं. शाळेच्या पर्यावरण प्रकल्पात हिशेब करायचा तर या सतरा किलोंचाच करावा, कारण अभ्यासातले आकडे हाडाविना मांसाचे असतात. मुलं पिशवीचं वजन धरतात आणि उत्तर फुगतं.

जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून मांडली. त्यात मेंढीच्या मांसाला किलोमागे जवळपास ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन येतं, तर कोंबडीला दहा. आपल्या घरासाठी याचा अर्थ वर्षाला मटणाचे सुमारे ६८० किलो. तेवढंच चिकन आणलं तर १७०. बोकड आणि मेंढी दोन्ही रवंथ करणारे. त्यांच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन बनतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. कोंबडीच्या पोटात ही सोय नाही, शिवाय ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत विकायला तयार होते.

जमिनीचा हिशेब मात्र जपून वाचावा. शंभर ग्रॅम प्रथिनांसाठी मेंढीला सरासरी १८५ चौरस मीटर लागतात, कोंबडीला सात आणि डाळींनाही सातच. चिकन आणि डाळ जमिनीच्या बाबतीत बरोबरीत असतील हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. डाळींचं एकरी उत्पन्न कमी, तूर तर पाच-सहा महिने शेत अडवून बसते. कोंबडीची जमीन खुराड्यात दिसत नाही, ती मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात असते. उत्सर्जनात मात्र त्याच प्रथिनांमागे डाळ सातपटीने हलकी. आणि ते १८५ चौरस मीटर? ते बहुतेक चराऊ रान. माणदेशातल्या खडकाळ माळावर बकरी हिंडते तिथे ज्वारीही धड येत नाही. ती जागा वाचवून तिथे डाळ पिकेल असं मानणं भाबडेपणाचं आहे.

‘आम्ही शाकाहारी, आमचा प्रश्नच नाही’ म्हणणाऱ्यांनी पनीरकडे पाहावं. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि दूध देणारी म्हैस रवंथ करतेच. याच अभ्यासात चीजला प्रथिनांच्या हिशेबाने कोंबडीच्या जवळपास दुप्पट उत्सर्जन येतं. पनीर चीजइतकं पक्व नसलं तरी दुधाचं गणित तेच.

आता ताटाऐवजी डबा पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतीय घरातला अन्नाचा कचरा माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे. यात उरलेला भात आहे, तसंच केळ्याची सालं आणि हाडंही आहेत. म्हणजे हा सगळा ‘फुकट घालवलेला घास’ नव्हे. चौघांचे झाले २२० किलो.

हा कचरा उंच ढिगात गाडला गेला की आत हवा पोहोचत नाही आणि जिवाणू मिथेन बनवतात. आयपीसीसीची पद्धत साधी आहे. ओल्या अन्नाच्या वजनात सुमारे १५ टक्के कार्बन असतो, त्यातला निम्मा कुजतो, त्याचाही निम्मा मिथेन होतो. कार्बनचं वजन मिथेनच्या वजनात आणायला १६/१२ने गुणायचं आणि उघड्या खोल ढिगासाठी ०.८ धरायचं. किलोमागे ४० ग्रॅम मिथेन येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणजे किलोमागे १.१ किलो. घराचे झाले सुमारे २४५.

वर्षभराच्या रविवारच्या चिकनपेक्षा हा आकडा मोठा आहे. कचऱ्यात गेलेला तांदूळ पिकवताना, पाण्याने भरलेल्या खाचरातून निघालेला मिथेन यात धरलेलाच नाही.

कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीचं काम २०२१ साली थांबलं. त्याआधी तिथल्या आगींचा धूर शहराने वर्षानुवर्षं सोसला. दमट, उष्ण हवेत अन्न लवकर कुजतं, दर दोनेक वर्षांनी उरलेल्यातलं निम्मं संपतं. त्यामुळे ढीग बंद झाला तरी वायू काही वर्षं येतच राहतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेने उंबर्डे आणि आयरे इथे बायोगॅस प्रकल्प केले. तिथे तोच मिथेन टाकीत धरून जाळता येतो.

मात्र टाकीचा स्वभाव नाजूक असतो. प्लास्टिक आणि नारळाच्या करवंट्या पंप अडवतात. एकदम खूप भात पडला तर आम्ल वाढतं आणि मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात. सामू साडेसहाच्या खाली उतरला, आंबूस वास आला, ज्योत फिकी पडून विझू लागली, की काही दिवस खुराक थांबवावा लागतो. सोसायटीतला सफाई कामगार सकाळी सुका आणि ओला डबा एकाच गाडीत उलटा करतो, तेव्हा हीच टाकी बिघडते.