विश्लेषण : ग्रुपवरच्या ‘येतो’, ‘बघतो’ आणि अंगठ्यांतून महाप्रसादाची पक्की ताटे कशी मोजायची?

गणेशोत्सवातील महाप्रसादासाठी ‘किती जण येणार ते कळवा’ असा मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि दोन दिवसांत शंभरावर उत्तरे जमतात. तरीही केटररने आकडा विचारला की उत्सव समितीची अडचण होते. आकडा कमी निघाला तर शेवटच्या पंगतीला जेवण पुरत नाही. जास्त निघाला तर अन्न वाया जाते आणि पैसे वर्गणीतून जातात. उत्तरे भरपूर असूनही आकडा का चुकतो आणि तो पक्का कसा करायचा?

उत्तरे असूनही आकडा का चुकतो?

ग्रुपमध्ये माणसे बोलतात, पण जेवायला घर येते. एकाच फ्लॅटमधून नवरा ‘आम्ही ४’ लिहितो आणि तासाभराने बायको ‘आमच्याकडून ५, आई येतायत’ असे कळवते. बेरीज करणारा तिथे ९ धरतो, प्रत्यक्षात येणार असतात ५. उलट बाजूला ‘नक्की येणार’ किंवा नुसता अंगठा असतो. त्यामागे एक माणूस आहे की सहा, हे कळत नाही. ‘+2’ हे उत्तर तर सर्वांत फसवे. काही जण ते ‘आम्ही एकूण दोघे’ या अर्थाने लिहितात, तर काही ‘आधी सांगितले त्याशिवाय आणखी दोन पाहुणे’ या अर्थाने.

म्हणजे चुका दोन्ही दिशांनी होतात. दुबार उत्तरांनी आकडा फुगतो, संख्या नसलेल्या ‘हो’ने तो आक्रसतो. दोन्ही एकमेकींना भरून काढतील, या भरवशावर राहता येत नाही.

मग पोल टाकला तर?

व्हॉट्सॲपचा पोल नीटनेटका दिसतो, पण तो मोबाइल क्रमांक मोजतो, ताटे नाही. एका घरातील तिघे ग्रुपमध्ये असतील तर तीन मते पडतात आणि ग्रुपमध्ये नसलेले आजी-आजोबा व मुले मोजली जात नाहीत. जेवण दुपारी ठेवायचे की रात्री, हे ठरवायला पोल चांगला. डोकी मोजायला तो उपयोगाचा नाही.

मेसेज कॉपी करून यादी बनवतानाही एक खाच आहे. मूळ मेसेजवर दाबलेले अंगठे कॉपी केलेल्या मजकुरात येत नाहीत. ते मेसेजखालच्या चिन्हावर टिचकी मारून वेगळे पाहावे लागतात. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, त्यामुळे आलेले उत्तर त्याच क्षणी टिपण्यापेक्षा रात्री एकदाच बसून टिपलेले बरे.

यादी कशी करावी?

पहिला नियम, एका फ्लॅटला एकच ओळ. यादी उत्तरांवरून सुरू करू नये, फ्लॅट क्रमांकांवरून करावी. ८४ फ्लॅट असतील तर ८४ ओळी आधीच लिहून ठेवाव्यात. त्यामुळे कोणी उत्तर दिले नाही, हेही दिसते. ग्रुप चाळताना नेमके हेच दिसत नाही.

मोबाइलवरच्या साध्या शीटमध्ये सहा रकाने पुरतात. फ्लॅट क्रमांक, कोणी कळवले, मोठे, लहान, स्थिती आणि टीप. स्थितीच्या रकान्यात चारच शब्द वापरावेत, ‘पक्के’, ‘बघू’, ‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’. संख्या कळल्याशिवाय ‘पक्के’ लिहायचे नाही. नुसता अंगठा ‘बघू’मध्येच जातो. एकाच व्यक्तीने दोनदा कळवले तर शेवटचे उत्तर ग्राह्य धरावे. एका घरातील दोघांनी वेगळे आकडे दिले तर मात्र अंदाज न करता फोन करावा.

पक्क्या घरांतील मोठ्यांची बेरीज या सूत्राने मिळते. इथे मोठ्यांची संख्या C रकान्यात आणि स्थिती E रकान्यात आहे.

```
=SUMIF(E2:E85,"पक्के",C2:C85)
```

लहान मुलांसाठी शेवटच्या भागात C ऐवजी D लिहायचे. चारही स्थितींच्या घरांची बेरीज ८४ आली पाहिजे. ती आली नाही, तर कुठेतरी ‘पक्के’ऐवजी ‘पक्क’ लिहिले गेले आहे आणि ते घर बेरजेतून गळले आहे.

प्रत्यक्षात फरक किती पडतो?

उदाहरणादाखल ८४ फ्लॅटची एक सोसायटी घेऊ. मुदत संपली तेव्हा ४१ घरांनी संख्या कळवली होती. १३ घरांनी नुसते ‘हो’ म्हटले किंवा अंगठा दाबला, ९ घरे ‘बघतो’ म्हणाली, ६ घरांनी नकार दिला आणि १५ घरांनी काहीच कळवले नाही.

ग्रुपमधले आकडे नुसते मिळवले तर १६३ होतात. अंगठा दाबणाऱ्यांचा घरटी एक धरला तर १७६. फ्लॅटवार यादी केल्यावर कळले, की त्या १६३ मध्ये १८ जण दुबार मोजले गेले होते. म्हणजे ४१ घरांतून खरे १४५ जण, ११८ मोठे आणि २७ लहान. आता उरलेल्या ४३ घरांचा प्रश्न. त्यातील नकार देणारी ६ सोडून ३७ घरांना फोन करायचे किंवा दार ठोठवायचे. चार स्वयंसेवकांत वाटले तर एका संध्याकाळचे काम.

फोननंतर आणखी २५ घरे पक्की झाली आणि त्यातून ६५ मोठे व १६ लहान वाढले. तीन फ्लॅट बंद निघाले, पाच घरांनी नकार दिला आणि चार घरे शेवटपर्यंत अनिश्चित राहिली. एकूण ६६ पक्की घरे, १८३ मोठे, ४३ लहान, म्हणजे २२६ माणसे. ग्रुपवरची बेरीज १७६ सांगत होती. पन्नास माणसांचा हा फरक फोन न करता कळला नसता.

काय विचारावे आणि काय विचारू नये?

‘येणार का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’ मिळते. म्हणून मेसेजमध्ये उत्तराचा नमुनाच द्यावा. ‘ए-३०४, मोठे ३, लहान १, उपवास ०’ असे लिहा, असे सांगितले की निम्मे काम होते. पाहुणे आणि घरी काम करणाऱ्या ताई याच आकड्यात धरायच्या की नाही, तेही स्पष्ट लिहावे. ‘लहान’ म्हणजे किती वर्षांपर्यंत, हे केटररच्या हिशोबाप्रमाणे ठरवावे.

तारखेचाही विचार हवा. परिवर्तिनी एकादशी भाद्रपद शुद्ध एकादशीला, म्हणजे गणेशोत्सवातच येते. महाप्रसाद त्या दिवशी असेल तर उपवासाची ताटे वेगळी मोजावी लागतात. दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी असते, त्यामुळे कांदा-लसूण आणि कंदमुळांचा प्रश्न आधीच विचारलेला बरा. मुंबई-ठाण्यात पहिल्या पाच दिवसांत कोकणात जाणारी घरे बरीच असतात. त्यांचे ‘हो’ घेताना ‘त्या तारखेला परत आलेले असाल ना?’ एवढे विचारावे.

घर का येणार नाही, हे मात्र ग्रुपवर विचारू नये. कोणाकडे सुतक असते, कोणाकडे आजारपण. अशी घरे ग्रुपवर गप्प राहतात आणि फोनवर सहज सांगतात. यादीत ‘नाही’ एवढेच लिहावे, कारण लिहू नये.

केटररला कोणता आकडा द्यायचा?

केटरर साधारणपणे दोन-तीन दिवस आधी हमीचा आकडा मागतात. तेवढ्या ताटांचे पैसे, माणसे कमी आली तरी द्यावे लागतात. जास्त ताटे लागली तर ती मोजून वेगळी आकारली जातात. त्यामुळे आकडे दोन ठरवावेत. एक हमीचा, दुसरा जास्तीत जास्त तयारीचा.

वरच्या उदाहरणात दोन मुलांचे एक ताट ठरले असेल तर १८३ आणि २२ मिळून रहिवाशांची २०५ ताटे होतात. त्यात वॉचमन, सफाई कामगार, गुरुजी आणि मंडपवाल्यांची १० ताटे मिळवायची. ग्रुपवर नसल्याने हीच मंडळी हमखास विसरली जातात. बेरीज झाली २१५. अनिश्चित चार घरांची घरटी तीन धरून १२. म्हणजे सगळे आले तर २२७.

पण ‘पक्के’ म्हणणारे सगळेच येत नाहीत. किती गळतात, हे त्याच सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या कुपनांवरून कळते. समजा, गेल्या वर्षी रहिवाशांना १९० ताटांची कुपने वाटली आणि जेवणाच्या टेबलावर १७६ जमा झाली. प्रमाण साधारण ९३ टक्के. त्या हिशोबाने २०५ पैकी १९१ ताटे लागतील, कामगारांची १० धरून २०१. अशा वेळी हमी २०० ची द्यावी आणि २२५ पर्यंत वाढवता येईल, असे केटररकडून आधीच कबूल करून घ्यावे. ताटाचा दर २५० रुपये असेल, तर थेट २२५ ची हमी देण्यापेक्षा ६,२५० रुपयांची जोखीम टळते आणि जेवणही कमी पडत नाही. वाढीव ताटांना केटरर तयार नसेल तर मात्र हमी २१५ च्या आसपास ठेवावी. पंगतीतून उपाशी उठणे पैशांपेक्षा महाग पडते.

जुनी कुपने नसतील तर गळतीचा आकडा दुसऱ्या सोसायटीकडून उसना घेऊ नये. कामाचा वार, पाऊस आणि जेवणाची वेळ यांवर तो ठरतो.

आकडा दिल्यानंतर काय?

मुदतीनंतर यादी बंद करावी आणि ग्रुपवर विंगवार फक्त फ्लॅट व संख्या टाकावी. चुका घरे स्वतःच दाखवतात. नंतर आलेली ‘आमचे आणखी दोघे’ ही उत्तरे त्याच यादीत, पण वेगळ्या रंगात लिहावीत. ती हमीत जात नाहीत, तयारीच्या आकड्यात जातात. कुपने फ्लॅटवार द्यावीत, मोठ्यांसाठी एक रंग आणि मुलांसाठी दुसरा. जेवण संपल्यावर जमा झालेली कुपने मोजून तो आकडा त्याच शीटच्या तळाशी लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी हमी ठरवताना समितीच्या हातात तेवढीच खात्रीची माहिती असते.