प्रपोजल मिळालं, पुढं काय?

‘प्लीज फाइंड अटॅच्ड अवर प्रपोजल’ एवढं एक वाक्य लिहायचं आणि वीस-बावीस पानांचं प्रेझेंटेशन ग्राहकाला धाडून द्यायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. मग तीन आठवड्यांनी फोन जातो, ‘साहेब, प्रपोजल बघितलंत का?’ साहेबांनी बघितलेलं असतं. बघून करायचं काय, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. गच्चीवर सौर पॅनल बसवणारा एक छोटा व्यावसायिक आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी ३० किलोवॅटचा प्रकल्प त्याने एका गृहनिर्माण सोसायटीला सुचवलाय. मेल उघडणार सचिव, पण ते एकटे काहीच ठरवू शकत नाहीत. ते तो समितीला फॉरवर्ड करणार. तिथल्या निम्म्या मंडळींनी या व्यावसायिकाला पाहिलेलंही नसणार. म्हणून मेल असा हवा :

विषय : ३० किलोवॅट सौर प्रकल्प – समितीचा निर्णय १२ जूनपर्यंत हवा

सचिव महोदय, नमस्कार.
आपल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे प्रस्ताव जोडला आहे. पर्याय दोन आहेत. खर्च सोसायटीने करायचा (पान ६), किंवा खर्च आम्ही करायचा आणि सोसायटीने वीज आमच्याकडून युनिटच्या दराने घ्यायची (पान ९). आमची शिफारस पहिल्या पर्यायाची आहे, कारण त्यात बिलातली सगळी बचत सोसायटीकडेच राहते.
यांपैकी कोणता पर्याय सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा, एवढेच समितीने १२ जूनपर्यंत कळवावे. आमचे दर ३० जूनपर्यंत लागू आहेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च यात धरलेला नाही.
सोबत : प्रस्ताव (२० पाने) आणि गच्चीचा आराखडा (१ पान).

यात मागितलेला निर्णय किती छोटा आहे बघा. ‘प्रकल्प मंजूर करा’ असं लिहिलं असतं, तर समितीला ते करता आलं नसतं. एवढा मोठा खर्च सभेतच मंजूर व्हायला हवा. सभेपुढे काय ठेवायचं, हे मात्र समितीच्या हातात आहे. तारीखही अंदाजपंचे नाही. आदर्श उपविधींनुसार विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. १२ तारखेला उत्तर आलं, तर दरांची मुदत संपण्याआधी सभा होऊ शकते. ‘लवकरात लवकर कळवावे’ यात यातलं काहीच येत नाही.

वॉटरप्रूफिंगची ओळ कुणी मुद्दाम वगळेल. गिऱ्हाईक बिचकेल, ही भीती असते. पण खजिनदार ती गोष्ट शोधणारच, आणि त्यांनी शोधण्याआधी आपणच सांगितलेली बरी. अनुदानाचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात, म्हणजे इथं ५ लाख ४० हजार. पण ती रक्कम प्रकल्प बसल्यावर खात्यात येते. अनुदान वजा केलेलाच आकडा ठळक छापला, तर सोसायटीला आधी किती पैसे उभे करावे लागतील हे कळतच नाही. दोन्ही आकडे प्रस्तावात शेजारीशेजारी असावेत.

आता जोडलेल्या फाइलकडे वळू. ती पीडीएफच असावी. पॉवरपॉइंटची मूळ फाइल पाठवली की स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेल्या नोट्सही सोबत जातात. ‘घासाघीस झाली तर पाच टक्के सोडू’ ही नोट समितीने वाचल्यावर वाटाघाटींत काय उरणार? शिवाय समोरच्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नसेल तर अक्षरं विस्कटतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली, तरी पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे अठरा-एकोणीस एमबीच्या पुढे अडचण सुरू होते. ड्राइव्हची लिंक पाठवलीत, तर परवानगी खुली आहे ना, ते तपासा. नाहीतर सचिव रात्री दहाला लिंक उघडतील आणि समोर परवानगी मागणारं पान येईल.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार करार केवळ ईमेलवर झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. समितीने नुसतं ‘पर्याय १ मान्य’ असं उत्तर धाडलं, तर एक बाजू त्याला ऑर्डर समजेल आणि दुसरी नुसता विचार. त्यामुळे शेवटी एक ओळ घालावी : ‘हे उत्तर म्हणजे कामाची ऑर्डर नव्हे, सभेच्या ठरावानंतर सहीचा कार्यादेश मिळाल्यावरच काम सुरू होईल.’ ही ओळ दोघांनाही वाचवते.

पाठवण्याआधी मेल स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवा आणि मोबाइलवर उघडा. विषय आणि पहिल्या दोन-तीन ओळींत निर्णय आणि तारीख दिसत नसेल, तर मेल पुन्हा लिहा.