ईदचा कोसा आणि शिवणीची फट

रोजे निम्मे सरले की मलकापुरात टेलरकडे ईदचे कपडे साचू लागतात. त्यात कोशाचा, म्हणजे विदर्भाकडच्या टसरचा, एखादा कुर्ता असला तर तो घाईत उरकू नये. टसरचा धागा जाडाभरडा आणि विणही बहुधा विरळ असते. अंगासरशी शिवलेल्या कुर्त्यात हात पुढे केला की पाठीवर ताण येतो, दोरा तुटत नाही, पण कापडाचे धागेच टाक्यापासून सरकतात आणि फट दिसते.

कात्री लावण्याआधी उरलेल्या चिंधीवर एक शिवण घाला आणि दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. टाक्यांजवळून उजेड दिसला तर कुर्ता थोडा सैल ठेवा, पाऊण इंच मार्जिन सोडा आणि मलमलचं अस्तर बगलेच्या शिवणीत धरा, म्हणजे ताण अस्तर घेईल. सुई बारीक, नवी हवी. टाके फार दाट घातले तर धागाच कापला जातो.

तुतीच्या रेशमाची अडचण वेगळी. कापडात उरलेला डिंक किंवा खळ पाण्याच्या थेंबाबरोबर कडेला सरकते आणि वाळल्यावर वर्तुळ उमटतं. म्हणून इस्त्री करताना पाणी शिंपडू नका. थेंब टाकणारी वाफेची इस्त्री तर त्याहून वाईट. इस्त्री कोमट, कोरडी, उलट्या बाजूनेच.

टसरखाली टॉवेल पसरा, वर सुती फडकं ठेवा, इस्त्री घासू नका, टेकवून उचला. एकदा चपटा झालेला पोत पुन्हा उठवणं कठीण.