केळं एकच दिसतं, पण ताटात तीन निघतात

आकुर्डी-निगडी भागातल्या एखाद्या केरळी किराणा दुकानाबाहेर हिरव्या, जाडजूड, कडा उठून दिसणाऱ्या केळ्यांचे घड टांगलेले असतात. थोडं पुढे पिंपरीच्या मंडईत भाजीवाल्याच्या टोपलीत ‘भाजीची केळी’ असतात, तीही हिरवीच. आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर डझनावर विकली जाणारी पिवळी केळी, ती तर रोजची. या तिघांना आपण एकच नाव देतो, त्यामुळे घोटाळे होतात. काही स्वयंपाकात होतात, ते चालून जातात. काही मात्र रक्ताच्या तपासणीत दिसतात.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या गृहस्थांचं असंच झालं. वय पन्नाशीचं, मधुमेह सात-आठ वर्षांचा, पथ्य बऱ्यापैकी पाळणारे. केरळचा सहकारी डब्यात वाफवलेली पिकी नेंद्र केळी आणायचा. तेल नाही, तूप नाही, साखर नाही, नुसतं वाफवलेलं फळ. यांनाही ते आवडलं आणि सकाळच्या पोह्यांऐवजी रोज दोन केळी खाऊ लागले. महिन्याभरात नाश्त्यानंतरची साखर चढलेली दिसू लागली. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘वाफवलेलं केळं पोह्यांपेक्षा वाईट कसं?’

उत्तर फळाच्या आत आहे. गाडीवरचं नेहमीचं केळं, म्हणजे जळगावकडून येणाऱ्या ग्रँड नैनसारख्या जातीचं, पिकल्यावर त्याच्या गरात सुमारे पाऊण भाग पाणी असतं. नेंद्रसारख्या जातीच्या गरात पाणी कमी, साधारण दोन तृतीयांश. इंग्रजीत आज प्लँटेन म्हणतात तो हाच प्रकार. पाणी कमी म्हणजे बाकीचा ऐवज जास्त, आणि केळ्यातला तो ऐवज बहुतेक सगळा पिठूळ किंवा गोड असतो. १०० ग्रॅम गरात नेहमीच्या पिकलेल्या केळ्यातून सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, तर पिकलेल्या नेंद्रच्या प्रकारातून सुमारे ३२ ग्रॅम. शिवाय नेंद्रचं फळही मोठं असतं. एका मध्यम नेंद्रचा सोललेला गर १२५ ग्रॅम धरला, तर कर्बोदकं ४० ग्रॅम होतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत ती साधारण २० ग्रॅम असतात. म्हणजे एक नेंद्र म्हणजे दोन पोळ्या. आपले गृहस्थ सकाळी चार पोळ्या खात होते, त्याही साखरेत रूपांतर होऊ लागलेल्या. गाडीवरच्या मध्यम केळ्याचा गर मात्र ८० ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यातून १८ ग्रॅम येतात. दोन खाल्ली असती तरी हिशेब निम्म्याच्या आत राहिला असता.

आता हिरव्याकडे वळू. कच्च्या केळ्यात, मग ते कोणत्याही जातीचं असो, साखर जवळजवळ नसते. असतं ते स्टार्च. फळ पिकू लागलं की इथिलीन वायूच्या इशाऱ्यावर आतली विकरं कामाला लागतात आणि स्टार्चचं तुकडे तुकडे करून साखर बनवतात. फरक इथे पडतो: नेहमीच्या केळ्यात हे काम जवळजवळ पूर्ण होतं, पूर्ण पिवळ्या केळ्यात स्टार्च नावापुरतं उरतं. नेंद्रच्या प्रकारात साल पिवळी झाली तरी आत बरंच स्टार्च शिल्लक असतं. म्हणून पिवळं नेंद्र कच्चं खाल्लं की तोंडात पिठूळ, थोडं तुरट लागतं आणि आपण म्हणतो, ‘हे केळं खराब आहे.’ ते खराब नसतं, शिजवायचं असतं. साल बरीचशी काळी पडेपर्यंत थांबलात तर ते नुसतंही गोड लागतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरात जखमेवर लावायचं आयोडीनचं तपकिरी औषध असतं, ते थोड्या पाण्यात पातळ करून घ्या. गाडीवरच्या पूर्ण पिकलेल्या केळ्याची, पिवळ्या नेंद्रची आणि हिरव्या केळ्याची एकेक चकती कापून वर दोन-दोन थेंब टाका. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो. हिरवी चकती काळीभोर होईल, नेंद्र बराच गडद होईल, पिकलेलं केळं जवळपास तसंच राहील. चकत्या नंतर टाकून द्यायच्या, खायच्या नाहीत.

हिरव्या केळ्याबद्दल आजकाल एक गोष्ट फार सांगितली जाते: त्यात न पचणारं स्टार्च असतं, म्हणून मधुमेहींनी कच्च्या केळ्याची भाजी मनसोक्त खावी. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचे कण इतके घट्ट बांधलेले असतात की लहान आतड्यातली विकरं त्यांना सहज फोडू शकत नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या जिवाणूंचं अन्न होतात. पण ही गोष्ट न शिजवलेल्या केळ्याची आहे. पाण्यात उकळलं की ते कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि शिजलेल्या बटाट्यासारखेच पचू लागतात. भाजी थंड झाली की स्टार्चचा थोडा भाग पुन्हा घट्ट होतो, पण मूळच्याइतका कधीच नाही. तेव्हा कच्च्या केळ्याची भाजी बटाट्याच्या भाजीच्या जागी ठेवावी, पालकाच्या जागी नाही. ती आहे त्या दिवशी एक पोळी कमी, एवढा साधा हिशेब. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी असा बदल करताना आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

कच्च्या केळ्याचं पीठ न शिजवता ताकात ढवळून घेतलं, तर ते न पचणारं स्टार्च टिकतं. मात्र सवय नसलेल्या पोटात एकदम दोन-तीन चमचे गेले की गॅस धरतो. एका लहान चमच्यापासून सुरुवात केलेली बरी.

दुसरी समजूत लोहाची. केळं चिरलं की काळं पडतं, विळीही काळी होते, तेव्हा त्यात लोह भरपूर असणार, असं आमच्या आजीपासून सगळे सांगत आले. प्रत्यक्षात १०० ग्रॅम केळ्यात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. काळेपणा येतो तो फळातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांवर हवा आणि विकर यांनी केलेल्या कामामुळे. चिरलेलं वांगं आणि सफरचंद याच कारणाने काळवंडतं. म्हणून चकत्या थेट पाण्यात टाकायच्या. पाण्यात थोडं ताक किंवा लिंबू असेल तर आंबटपणामुळे ते विकर मंदावतं. हाताला आधी तेल लावलं तर चीक चिकटत नाही. रक्त कमी असलेल्या व्यक्तीने मात्र केळ्याच्या भाजीवर भिस्त ठेवू नये.

पोटॅशियम खरोखर जास्त असतं, आणि इथेही दोघांत फरक आहे: नेहमीच्या केळ्यात १०० ग्रॅममागे ३६० मिलिग्रॅमच्या आसपास, नेंद्रच्या प्रकारात ५०० च्या आसपास. निरोगी माणसाला ते चांगलंच. मूत्रपिंडाचा विकार असून डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर ‘केळं बंद’ या सूचनेत कच्च्या केळ्याची भाजीही येते, हे लक्षात ठेवायला हवं. चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर थोडं कमी होतं, सगळं जात नाही.

स्वयंपाकात सगळ्यात जास्त फसगत होते ती वेफर्सची. गणपतीच्या किंवा उपवासाच्या दिवसांत घरी वेफर्स करायला आपण मंडईतून हिरवी केळी आणतो. ती बहुतेक वेळा नेहमीच्याच जातीची, फक्त न पिकवलेली असतात. १०० ग्रॅम गरातून पाणी उडाल्यावर हिरव्या नेहमीच्या केळ्याचा २५ ग्रॅमच्या आसपास ऐवज उरतो, नेंद्रचा ३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच श्रमात नेंद्रचे वेफर्स जवळजवळ दीडपट, आणि जाड चकती असूनही कुरकुरीत. शिवाय नेहमीचं केळं बाहेरून हिरवं असलं तरी आत पिकायला लागलेलं असू शकतं. तशा चकत्या तेलात गेल्या की आतली साखर आधी करपते. पाणी उडण्याआधीच रंग तांबूस-काळा होतो आणि वेफर थंड झाल्यावर वाकतो. ओळखायची खूण सोपी: सोलताना साल गराला घट्ट चिकटून राहिली आणि सुरीनेच काढावी लागली, तर केळं वेफर्सला योग्य. साल हाताने सुटायला लागली की त्याची भाजी करा.

भाजीला मात्र नेहमीचं हिरवं केळं चालतं, फक्त ते लवकर गळतं. नेंद्र कुकरमध्ये दोन शिट्ट्यांना नीट राहतं. नेहमीचं एका शिट्टीतच लगदा होतं, ते कोफ्ते किंवा टिक्कीला बरं. उलट, शिकरणाला नेंद्र घेऊ नये. दुधात ते कितीही कुस्करलं तरी गुठळ्या राहतात. दोन्ही कच्ची असताना फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. १३ अंशांखाली साल काळी पडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते, नंतर बाहेर काढलं तरी फळ नीट गोड होत नाही.

हे सगळं वाचून नेंद्र म्हणजे परप्रांतातलं फळ असं वाटेल, तर तसं नाही. वसईकडची राजेळी हीच या कुळातली, नेंद्रची सख्खी म्हणावी अशी. आगाशीची प्रसिद्ध सुकेळी तिचीच: पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवलेली. पाणी कमी आणि गर घट्ट, म्हणून ती वाळतात. गाडीवरचं केळं असं वाळवायला गेलात तर हाताला चिकट गोळा लागेल. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘प्लँटेन’ असं लिहिलेलं सापडतं तेव्हा मात्र सावध राहावं लागतं, कारण त्या काळचे इंग्रज हिंदुस्थानातल्या झाडून सगळ्या केळ्यांना प्लँटेनच म्हणत. आज इंटरनेटवर पाककृती पाहून ‘प्लँटेन’ म्हणजे कुठलंही कच्चं केळं असं आपण समजतो, ती त्याचीच उलटी चूक.

चाकणच्या गृहस्थांनी केळं सोडलं नाही. आता ते अर्धं नेंद्र घेतात, तेही पिवळं पण अजून कडक असलेलं, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं, आणि त्या दिवशी पोहे नाहीत. नाश्त्यानंतर दोन तासांनी स्वतःच्या ग्लुकोमीटरवर साखर बघून वहीत लिहितात. उरलेलं अर्धं सहकाऱ्याच्या डब्यात परत जातं.