फुगलेली बॅटरी टोचू नका

कपाट आवरताना मुलांचे हातात धरून खेळायचे जुने यंत्र आमच्या हाती आले. मेजावर ठेवले तर डुगडुगू लागले, कारण मागचे झाकण उचलले गेले होते. आतील लिथियम बॅटरी उशीसारखी फुगली होती.

बॅटरी जुनी झाली किंवा उष्ण जागी पडून राहिली, म्हणजे आतील द्रव बिघडून त्याचा वायू होतो. त्याला बाहेर वाट नसल्याने वेष्टण फुगते. काहीजण टाचणीने ही हवा काढू पाहतात. तसे मुळीच करू नये. आतील पातळ थर एकमेकांस भिडले की ती एकदम पेट घेते, व तिचा धूर विषारी असतो.

आम्ही चार्जर लावला नाही. बॅटरी सैल होती, म्हणून न दाबता बोटांनी उचलली. अडकलेली असती, तर न उचकटता यंत्रासकटच दिली असती. तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावली आणि कोरडी वाळू घातलेल्या मडक्यात, तोंड उघडे ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवली. मग ई-कचरा केंद्राला आधी कळवून तेथे पोचवली.

कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली तर आग लागते. आपल्या देशात २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही.

धूर अथवा फुसफुस आवाज येऊ लागला, तर हात न लावता सर्वांनी दूर व्हावे व अग्निशामक दलास बोलवावे.