फळ्यावरच्या खुणांपासून इतिवृत्तापर्यंत

बैठकीत व्हाइटबोर्डवर जे लिहिले जाते, ते समोर बसलेल्या माणसांसाठी असते. त्यांना संदर्भ माहीत असतो, म्हणून क्रियापदे गळतात, नावांची आद्याक्षरे उरतात आणि बाणाने एका वाक्याचे काम होते. आठवड्यानंतर तोच फळा फोटोत पाहिला, तर हजर असलेल्यांनाही निम्मे उलगडत नाही. म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्याचे काम फळा उतरवून काढण्यापुरते नसते. गळलेले संदर्भ त्याला पुन्हा भरावे लागतात, आणि ते भरताना स्वतःचे काही घुसडायचे नसते.

उदाहरणासाठी मुंबईतल्या २४ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची कल्पना करू. रविवार, ५ मे रोजी कार्यकारिणीची पावसाळापूर्व कामांची बैठक झाली. बैठक संपताना फळ्यावर अशा नोंदी होत्या:

```
गच्ची वॉ.प्रू. → ३ कोटे. – स./ख. – पुढचा रवि.
₹ १.४ ला. (२४ × ६०००)   मे अखेर!!
टाकी सफाई ✓
लिफ्ट एएमसी ??
पार्किंग गटार – जाळी
```

कोपऱ्यात ‘पत्रे टाकणे’ हे शब्द लाल मार्करने खोडलेले होते.

पुढचे सगळे फोटोवर अवलंबून असते. फळ्याच्या अगदी समोर उभे राहून फ्लॅशसह फोटो काढला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि त्याखालचा मजकूर जातो. फ्लॅश बंद ठेवावा. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसत असेल तर पाऊलभर बाजूला सरकावे. फोटो थोडा तिरका आला तरी स्कॅनिंगच्या अॅपमध्ये तो सरळ करता येतो. एक फोटो संपूर्ण फळ्याचा आणि मग जवळून दोन-तीन, कडा एकमेकांवर येतील असे, म्हणजे जोडताना मधली ओळ सुटत नाही. स्कॅनिंगचे अॅप अनेकदा चित्राला काळे-पांढरे करते. त्यात पिवळ्या किंवा सुकत आलेल्या मार्करची अक्षरे पुसली जातात आणि रंगांचा अर्थही हरवतो. मूळ फोटो म्हणूनच जपून ठेवायचा. तो मोठा करून वाचता येतो याची खात्री झाल्याशिवाय फळ्याला डस्टर लावू नये.

नंतर येते ते जसेच्या तसे उतरवणे, आणि ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो. या टप्प्यावर ‘३ कोटे.’ हे ‘३ कोटे.’ असेच लिहायचे, खोडलेले शब्द ‘खोडलेले’ अशी नोंद करून ठेवायचे आणि न लागणाऱ्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह द्यायचे. उतरवणे आणि अर्थ लावणे एकदमच केले की चुकीचे वाचन सफाईदार वाक्यात दडून जाते आणि मग कोणाच्याही लक्षात येत नाही.

मराठी फळ्यावर सर्वांत धोक्याचे असतात आकडे. बरेच जण एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी अंक मिसळतात. घाईत काढलेला मराठी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, मराठी १ इंग्रजी 9 सारखा, तर ५ हा 4 सारखा. या फळ्यावरची रक्कम १.४ लाख की १.८ लाख, असा प्रश्न पडला तर फरक चाळीस हजारांचा आहे. त्याच हस्ताक्षरातला दुसरा ४ शोधून ताडून पाहता येतो. त्याहून भक्कम पुरावा शेजारच्या कंसात आहे. संस्थेत सदनिका २४ आहेत हे ठाऊक आहे. २४ गुणिले ६००० म्हणजे १,४४,०००. म्हणजे आकडा १.४ लाखच आहे. पण ही रक्कम खर्चाची कमाल मर्यादा होती की नुसता अंदाज, हे गणिताने ठरत नाही. ते खजिनदाराला विचारावे लागते, आणि विचारावेच. इतिवृत्तातला अंदाज पुढे मंजुरी म्हणून दाखवला जाऊ शकतो.

उतरवून झाले की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हे ठरले, करायचे आहे, की अजून अधांतरी आहे? ‘टाकी सफाई’पुढची बरोबरची खूण फसवी आहे. काम झाले, असा तिचा अर्थ होऊ शकतो, आणि काम करायचे यावर एकमत झाले, असाही. हजर असलेल्या दोघांना वेगवेगळे विचारून उत्तर जुळले, तरच ते लिहावे. ‘लिफ्ट एएमसी ??’ हा निर्णय नाही. देखभाल करार नव्याने करायचा की कंपनी बदलायची, यावर एकमत झाले नाही, एवढेच त्यातून कळते. ही नोंद प्रलंबित विषयांत जाते. खोडलेले ‘पत्रे टाकणे’ मात्र गाळू नये. गच्चीवर पत्रे टाकण्याचा पर्याय चर्चेत आला आणि अमुक कारणाने नाकारला गेला, असे एक वाक्य राहिले तर पुढच्या बैठकीत तोच वाद पहिल्यापासून घालावा लागत नाही.

करायच्या कामांची नोंद हा इतिवृत्ताचा सर्वांत उपयोगी भाग, आणि सर्वांत ढिसाळ लिहिला जाणाराही. चांगल्या नोंदीत एक माणूस, एक क्रियापद, एक तारीख आणि काम झाले हे ओळखायची खूण असते. ‘स./ख.’ म्हणजे सचिव आणि खजिनदार. पण दोघांवर सोपवलेले काम बहुधा दोघेही दुसऱ्याचे समजतात. जबाबदारी एकाची लिहून दुसऱ्याचे नाव साहाय्याला ठेवावे. ‘पुढचा रविवार’ हा शब्द रविवारीच उच्चारला गेला, तर काहींच्या मते तो १२ मे आणि काहींच्या मते १९ मे. इथे शेवटची मुदत मदतीला येते. भारतीय हवामान विभागानुसार मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि फळ्यावर ‘मे अखेर’ लिहिलेले आहे. दरपत्रके १९ तारखेला हाती आली, तर निवड आणि प्रत्यक्ष काम यांना जेमतेम बारा दिवस उरतात. त्यामुळे १२ मे अभिप्रेत असावा, असा तर्क निघतो. मसुद्यात तो ‘खात्री करावी’ या शेऱ्यासह टाकायचा.

खात्री झाल्यावर ती नोंद अशी दिसते:

```
काम: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन लेखी
     कोटेशन मागवणे
जबाबदारी: सचिव (साहाय्य: खजिनदार)
मुदत: रविवार, १२ मे
पूर्ण केव्हा: तिन्हींत तेच क्षेत्रफळ, तीच पद्धत
     आणि हमीची वर्षे नमूद असतील तेव्हा
```

शेवटची ओळ फळ्यावर नव्हती. ती सचिवाला विचारून घातली आहे, कारण एकाने चौरस फुटाचा दर दिला, दुसऱ्याने ठोक रक्कम आणि तिसऱ्याने हमीच लिहिली नाही, तर तीन कागद येऊनही तुलना होत नाही. ‘पार्किंग गटार – जाळी’ या ओळीपुढे नावच नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तिथे आपल्या मनाने कोणाचे नाव घालू नये. ‘जबाबदारी ठरलेली नाही’ असे ठळक लिहून मसुदा पाठवला की बहुतेक वेळा कोणीतरी काम उचलतो. निदान अध्यक्षाला ते नेमून द्यावे लागते.

मसुदा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, मूळ फोटोसह सर्वांना जावा. दुरुस्त्यांसाठी ठरावीक वेळ द्यावी आणि ‘खात्री करावी’चे शेरे वरच्या बाजूला एकत्र मांडावेत, म्हणजे वाचणाऱ्याला ते शोधत बसावे लागत नाही. अंतिम प्रतीत क्रम फळ्याचा नसतो. तारीख, हजेरी, निर्णय, कामे आणि प्रलंबित विषय अशा ओळीने ती लावली जाते. फळ्यावर गच्ची आधी आली ती केवळ कोणीतरी तो विषय आधी काढला म्हणून. पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय पहिला असतो. त्याच वेळी कामांची यादी वाचून प्रत्येकापुढे झाले, चालू किंवा नवी तारीख असे लिहायचे, आणि नवी तारीख दिली तर जुनी खोडून न टाकता शेजारी राहू द्यायची.