चहा ९२५ अंशांवर कसा पोचतो?

आयआयटीसारख्या संस्थांत मोठ्या वर्गांचे पेपर तपासायला टीए मदत करतात. टीए म्हणजे बहुतेकदा तिथेच एमटेक किंवा पीएचडी करणारे विद्यार्थी. गठ्ठा संपला की ते वर्गासाठी एक टिपण काढतात: कुठे चुकलं, गुण कशाचे गेले. पहिल्या वर्षाच्या गणितात या टिपणात दोन आरोपी हमखास सापडतात, वजाचं चिन्ह आणि स्थिरांक. दोघांचं साटंलोटं किती घट्ट असतं ते एकाच गणितात दिसतं.

खोलीचं तापमान २५ अंश. कपातला चहा ८५ अंशांवर होता, दहा मिनिटांनी ५५ झाला. वीस मिनिटांनी किती असेल? न्यूटनचा नियम सांगतो की चहा आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक, त्या प्रमाणात चहा निवतो. दहा मिनिटांत हा फरक ६० वरून ३० वर आला, म्हणजे निम्मा झाला. पुढच्या दहा मिनिटांत तो १५ होणार. उत्तर ४० अंश. हे तोंडी सुटतं, पण पेपरात रीत मांडावी लागते आणि घोळ तिथेच होतो.

इंटिग्रेशन केल्यावर ही ओळ मिळते:

`ln(T − 25) = −kt + C`

इथून लॉग काढला की C घातांकात जातो, म्हणजे उत्तरात तो गुणक होऊन येतो:

`T = 25 + A·e^(−kt)`

सुरुवातीचे ८५ अंश घातले की A = 60. पण बारावीपासून हाताला सवय असते ती सगळं उरकल्यावर शेवटी ‘प्लस सी’ जोडायची. साध्या इंटिग्रेशनमध्ये ते खपून जातं. इथे मात्र मुलं लिहितात:

`T = 25 + e^(−kt) + C`

आता ८५ अंशांवरून C = 59 येतो. मग दहाव्या मिनिटाचे ५५ अंश घातले की `e^(−10k) = −29`. e चा कुठलाही घात ऋण होऊच शकत नाही. खरं तर इथे पेन खाली ठेवून दोन ओळी मागे जायला हवं. बरेचजण त्याऐवजी वजाचं चिन्ह गुपचूप गाळून २९ लिहितात. तपासणाऱ्याला हे लगेच दिसतं, कारण आधीच्या ओळीतली वजाबाकी जुळत नाही. वीस मिनिटांसाठी मग २९ चा वर्ग, ८४१, आणि चहा २५ + ८४१ + ५९ = ९२५ अंशांवर! ॲल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांना वितळतं.

पडताळा म्हणून मुलं t = 0 घालून बघतात. पण चुकीच्या सूत्रातही तिथे ८५ च येतात, कारण C काढलाच त्यावरून. खरी परीक्षा t खूप मोठा घेतल्यावर होते. बरोबर सूत्रात चहा २५ अंशांवर येतो. चुकीच्या सूत्रात k धन धरला, तर तो ८४ वर अडून बसतो.